सत्कारास उत्तर



मंडळाचा मी ऋणी आहे, आभार एवढेच. शास्त्रज्ञ ही पदवी मजसारख्या मॅट्रिक शिक्षकास फार मोठी. तिमिंगल तारकासमूहातील मीरा हा तारा तेवढा मी पाहत आलो. सुमारे ३३२ दिवसांच्या फेऱ्यात तो ठळक होतो व नुसत्या डोळ्यांना दिसेनासाही होतो. शेजारच्या, तेज ठाऊक असलेल्या दोन ताऱ्यांशी ताडून त्याचे तेज ठरवावयाचे. तांबड्या ताऱ्याकडे टक लावली की तो उगाच उजळ भासतो. म्हणून दृष्टी ओझरती टाकावी. प्रारंभी मी मागचा आकडा वाचून मग आकाशाकडे पाही, आणि डोळा तोच आकडा दाखवी! त्या दोन वर्षांच्या नोंदी मीच रद्द केल्या. मंडळाने माझ्या वह्या मोजल्या असतील, तर तेवढ्या कृपया वजा कराव्या.