‘जन्मना जायते शूद्रः’ मनूचं आहे का?

दिल्लीत जातीवर बोललं की मला हमखास ऐकवतात : ‘मनूच म्हणतो, जन्मना जायते शूद्रः. म्हणजे वर्ण जन्मावर नव्हता.’ मी अध्याय आणि श्लोकाचा क्रमांक विचारते. मनुस्मृतीच्या श्लोकसूचीत ‘ज’खाली शोधा, ही ओळ नाही. ती स्कंदपुराणाच्या नागरखंडात, २३९व्या अध्यायात सापडते. अत्रिस्मृतीत तर तिचं उलटं रूप आहे : ब्राह्मण जन्मानेच ओळखावा, संस्काराने तो द्विज. आता मनुस्मृतीचाच दुसरा अध्याय, श्लोक ३६ उघडा. मुंज ब्राह्मणाची आठव्या, क्षत्रियाची अकराव्या, वैश्याची बाराव्या वर्षी, आणि वर्षं मोजायची गर्भापासून. शूद्रासाठी वर्षच नाही. वर्ण जन्माआधीच ठरलेला नसेल, तर हा हिशेब करायचा कसा?