परिचयातल्या कोणत्या वाक्याला कागद लागतो?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत प्रेरिका आणि बँक सखीच्या मुलाखतींची तयारी म्हणून क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या बोलण्याचा हा मजकूर.)

आज बायोडाटा लिहायचा कसा हे मी सांगणार नाही. ते गेल्या सभेत झालं. (बायोडाटा म्हटल्यावर मागे कुणीतरी हसलं, कारण आपल्याकडे बायोडाटा म्हणजे लग्नाचा. तोही एका अर्थी मुलाखतीचाच असतो म्हणा, आणि त्यातली उंचीसुद्धा कुणी मोजून बघत नाही.) आपला हा परिचय मात्र समोरचे लोक मोजून बघतात. मुलाखत घेणाऱ्याच्या हातात तुमचा कागद असतो. तो त्यातल्या एकेका वाक्यावर बोट ठेवतो आणि विचारतो, "हे कसं काय?" कोणत्या वाक्यावर बोट पडणार हे आधीच ओळखायचं, एवढंच आजचं काम.

मी एक सोपी कसोटी वापरते. प्रत्येक वाक्याला विचारायचं: हे कुणाच्या वहीत लिहिलेलं आहे? बोर्डाच्या, बँकेच्या, ग्रामपंचायतीच्या, गटाच्या, की कुणाच्याच नाही? वाक्यात आकडा असेल, वर्ष असेल, पद असेल, संस्थेचं नाव असेल, किंवा "मी मिळवून दिले", "मी शिकवले" असं काही असेल, तर त्याखाली लाल रेघ मारा. बोट तिथंच पडतं. "मी मेहनती आहे, मला समाजकार्याची आवड आहे" याला कागद शोधत बसू नका. त्यावर फार तर एखादा प्रसंग विचारतील, तो तोंडी तयार ठेवा.

आता एक नमुना घेऊ. आपल्यातल्याच एका ताईचा परिचय आहे असं समजा:

"माझे शिक्षण बारावीपर्यंत झाले आहे. मी ८ वर्षांपासून बचत गटाची अध्यक्ष आहे. मी गटाला ३ लाखांचे कर्ज मिळवून दिले व वेळेवर फेडले. मी २५ महिलांना शिवणकामाचे प्रशिक्षण दिले. माझा मसाल्याचा व्यवसाय असून महिना १५,००० रुपये उत्पन्न आहे."

पाच वाक्यं, आणि पाचही लाल. ताई खोटारडी नाही हं. ती जे बोलते तेच तिनं लिहिलंय. पण बोलण्यात जे चालतं ते कागदावर आलं की त्याला जाब द्यावा लागतो.

पहिलं वाक्य, "बारावीपर्यंत". हा "पर्यंत" फार फसवा शब्द आहे. पास, नापास, की कॉलेज मध्येच सोडलं? आपल्या ताईची बारावीची परीक्षा झाली, पण इंग्रजी राहिलं. तिच्याजवळ शाळा सोडल्याचा दाखला आहे आणि तिला वाटतं, तो पुरेल. पण दाखला फक्त एवढंच सांगतो की तुम्ही कोणत्या इयत्तेतून बाहेर पडलात. पास झाल्याचा पुरावा गुणपत्रिका. म्हणून तिनं लिहायचं, "दहावी उत्तीर्ण, बारावीची परीक्षा दिली, इंग्रजी विषय बाकी", आणि दहावीची गुणपत्रिका जोडायची. पदाला बारावी पास अशी अट असेल तर ते मुलाखतीच्या टेबलावर कळण्यापेक्षा अर्ज भरतानाच कळलेलं बरं. गुणपत्रिका हरवली असेल तर बोर्डाच्या विभागीय मंडळाकडून दुसरी प्रत मिळते, पण त्याला वेळ लागतो. मुलाखतीची तारीख आल्यावर पळापळ करून ती हाती येत नाही.

याच वाक्यात एक लपलेला प्रश्न असतो. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. समोरचा विचारणार, ही तुम्हीच कशावरून? त्याचा जोडकागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याचं राजपत्र. गावातल्या लग्नाची नोंदणी ग्रामपंचायतीत होते. ज्यांनी अजून केली नाही त्यांनी आधी हे काम उरकून घ्या, कारण याच कागदावर बाकीचे सगळे कागद उभे राहतात.

दुसरं वाक्य, "८ वर्षांपासून अध्यक्ष". इथं मुलाखत घेणारा फार साधा प्रश्न विचारतो: "गट कधी सुरू झाला? बँकेत सह्या कुणाच्या चालतात?" गटाच्या बँक पासबुकावर खातं उघडल्याची तारीख असते. पदाधिकारी बदलले की गटाच्या इतिवृत्तात ठराव होतो आणि त्याची प्रत बँकेत जाते, तेव्हाच सह्या बदलतात. आपल्या ताईचा गट ८ वर्षांचा आहे हे खरं. पण पहिली ५ वर्षं ती सदस्य होती, अध्यक्ष झाल्याला ३ वर्षं झाली. तिनं लिहायचं, "८ वर्षांपासून सदस्य, ३ वर्षांपासून अध्यक्ष". असं लिहिल्यानं ती लहान होत नाही. उलट ठरावाच्या पानाची झेरॉक्स समोर ठेवली की पुढचा प्रश्नच येत नाही.

या झेरॉक्सबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणींच्या लक्षात येत नाही. गटाच्या वहीतल्या पानावर "खरी प्रत" म्हणून अध्यक्षाची सही-शिक्का घेतात. पण अध्यक्ष तुम्हीच असाल तर? स्वतःच्या पदाचा दाखला स्वतःच सही करून कसा चालेल? त्यावर सचिवाची सही घ्या, आणि जमलं तर ग्रामसंघाचीही. मूळ इतिवृत्त वही मात्र मुलाखतीला नेऊ नका. ती गटाची आहे, प्रवासात हरवली तर सगळ्या गटाचे हाल.

तिसरं वाक्य कर्जाचं. इथं थोडं थांबू, कारण आपल्या बहुतेक जणींचं मोठं काम याच वाक्यात असतं आणि अडकायलाही इथंच होतं. "मी कर्ज मिळवून दिले". कर्ज कुणाच्या नावावर? गटाच्या. ठराव कुणाचा? सगळ्यांचा. मग "मी" काय केलं? समोरचा नेमकं हेच विचारतो. ताईनं खरंच खूप केलं होतं. अर्ज भरला, ठराव लिहून घेतला, बँकेत फेऱ्या मारल्या. तर लिहायचं असं: "गटाने ३ लाखांचे कर्ज घेतले. अर्ज, ठराव आणि बँकेच्या कामात मी पुढाकार घेतला." पहिल्या भागाला बँकेचा कर्जखात्याचा उतारा. दुसऱ्या भागाला इतिवृत्तातलं ते पान, जिथं "बँकेच्या कामासाठी अमुक ताईंना अधिकार देण्यात येत आहे" असं लिहिलंय.

आणि "वेळेवर फेडले"? हा शब्द लिहिण्याआधी उतारा हातात घ्या आणि प्रत्येक हप्त्याची तारीख बोटानं बघत खाली या. ताईच्या गटाचे ३६ हप्ते होते. त्यातले २ हप्ते पावसाळ्यात १२-१२ दिवस उशिरा भरले होते. गटात हे कुणाला आठवतही नव्हतं, पण बँकेच्या कागदावर ते छापलेलं आहे. तुम्ही "वेळेवर" म्हणाल आणि स्वतःच जोडलेल्या उताऱ्यात उशीर दिसेल, म्हणजे आपणच आपल्या विरुद्ध पुरावा दिला. "पूर्ण परतफेड केली" हे मात्र शंभर टक्के खरं. त्याला बँकेचा कर्ज बाकी नसल्याचा दाखला, ज्याला सगळे नो ड्यूज म्हणतात, तो घ्या. त्या २ हप्त्यांबद्दल विचारलंच तर सरळ सांगा.

चौथं, "२५ महिलांना प्रशिक्षण दिले". विचारलं की कळलं, शिकवायला आरसेटीच्या मॅडम आल्या होत्या. ताईनं घरोघर जाऊन बायका जमवल्या, जागा दिली, रोज हजेरी घेतली. हे काम प्रेरिकेचंच आहे, मग ते झाकून शिक्षिकेचं काम कशाला सांगायचं? "प्रशिक्षणाचे आयोजन केले" असं लिहा. पुरावा हजेरीपत्रकाची झेरॉक्स. त्यातली नावं मोजा बरं का. पहिल्या दिवशी २५ होत्या, शेवटच्या दिवशी १९ सह्या आहेत. मग लिहा, "२५ जणींनी सुरुवात केली, १९ जणींनी पूर्ण केले". ६ जणी का गेल्या, हा पुढचा प्रश्न येईल आणि तिथं ताईजवळ खरं, अनुभवाचं उत्तर आहे. फोटो न्या हवं तर, पण फोटोवर तारीख नसते, नावं नसतात. तो हजेरीची जागा घेत नाही.

पाचव्या वाक्यात "उत्पन्न" हा शब्द आहे. ताईच्या वहीत महिन्याची विक्री १५,००० होती. मिरची, धणे, खोबरं वगैरे माल ८,४००, कांडपाचे ९००, पिशव्या ६००, बाजाराला जाण्या-येण्याचे ५००. खर्च झाला १०,४००. हातात राहिले ४,६००. मग उत्पन्न किती? बँक सखीच्या मुलाखतीत विक्री आणि नफा यातला फरक कळतो की नाही, हे बघणारच. "महिन्याची सरासरी विक्री १५,०००, खर्च जाता ४,६०० शिल्लक" असं लिहा. सोबत विक्रीची वही, खात्यावर मोबाइलवरून आलेल्या पैशांचा उतारा, आणि व्यवसाय आहे म्हटलं की उद्यम नोंदणी. मसाला पाकिटात भरून विकता, तर एफएसएसएआयची नोंदणीही विचारतील. तिचा १४ आकडी नंबर पाकिटावर असतो. नसेल तर आधी नोंदणी करा.

आता काही जणींच्या मनात आलंच असेल, ठरावाचं पान नाही, मग आता लिहून टाकू की! नका करू. वहीत मागचं-पुढचं पान असतं, त्यांच्या तारखा असतात, त्या दिवशी हजर बायकांच्या सह्या असतात. मध्येच कोंबलेला ठराव वही बघणाऱ्याला लगेच दिसतो, आणि मग वहीतल्या खऱ्या पानांवरचाही विश्वास उडतो. जुनी वही सापडत नसेल तर बँकेत चौकशी करा, पदाधिकारी बदलाची प्रत तिथं दिलेली असते. तिथंही नसेल, तर ते वाक्य कागद जिथवर सांगतो तिथवर खाली आणा.

फाईल लावताना वाक्यांच्या क्रमानं कागद लावा, आणि प्रत्येकाच्या वर कोपऱ्यात पेन्सिलीनं वाक्याचा नंबर घाला. झेरॉक्सवर स्वतःची सही करून द्यायची. मूळ कागद दाखवायचे, पण टेबलावर सोडून यायचे नाहीत. आणि समोरच्यानं असं काही मागितलं की जे आणलंच नाही, तर "आहे, आहे" म्हणत फाईल चाळत बसू नका. सांगा, "याची नोंद ग्रामसंघाच्या वहीत आहे, आज आणलेली नाही, कधीपर्यंत देऊ?" मग जी तारीख ठरेल ती पाळा.

पुढच्या गुरुवारी दुपारी २ वाजता समूहाच्या कार्यालयात या. येताना परिचयाचा कागद, लाल पेन आणि गटाचं पासबुक आणा. ज्यांच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आहे त्यांनी आधी मला भेटा, त्यांचं काम सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे.