गुडघ्याखालील आतल्या बाजूचे दुखणे
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक महिला मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही जो विषय निवडला आहे तो फार लहान आहे. एवढा लहान, की तो बोटाच्या एका पेराखाली झाकला जाईल. परंतु आपल्या ज्ञातीतील चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या आणि अंगाने भरलेल्या कित्येक गृहिणी त्या एका पेराएवढ्या जागेपायी जिना टाळू लागतात, पाटावर बसणे सोडतात, आणि ‘आमचे गुडघे गेले’ असे स्वतःच ठरवून मोकळ्या होतात. गुडघे गेलेले असतीलच असे नाही. दुखणे गुडघ्याच्या सांध्यात नसून त्याच्या खाली असू शकते. तेथे त्याचे कारण निराळे, उपाय निराळा आणि परिणामही पुष्कळ आशादायक असतो. हा भेद कसा ओळखावा आणि ओळखल्यावर काय करावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम ती जागा पाहू. मांडीच्या निरनिराळ्या भागांतून तीन स्नायू खाली उतरतात. गुडघ्याच्या आतल्या बाजूने येऊन ते नडगीच्या हाडाच्या वरच्या भागाला, सांध्याच्या फटीपासून सुमारे पाच सेंटिमीटर खाली, चिकटतात. तेथे त्यांच्या कंडरा, म्हणजे दोरीसारखी टोके, पसरून एकत्र होतात. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना त्यांचा आकार हंसाच्या पावलासारखा वाटला, म्हणून त्या जागेला लॅटिन भाषेत ‘हंसाचे पाऊल’ या अर्थाचे नाव पडले. या तिघांपैकी एक स्नायू शरीरातील सर्वांत लांब असून त्याचे नाव ‘शिंपी’ या अर्थाच्या शब्दावरून आले आहे, कारण शिंप्याप्रमाणे मांडी घालून बसताना तो कामी येतो. आपल्याकडे पूजा, जेवण, निवडण-टिपण हे सारे मांडी घालूनच चालत आले आहे. तेव्हा हा स्नायू आपल्या भगिनींच्या किती परिचयाचा आहे ते निराळे सांगावयास नको.

कंडरा हाडावर सतत घासल्या जाऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली एक चपटी पिशवी असते. तिला बर्सा म्हणतात. तिच्यात वंगणासारखा अगदी थोडा द्रव असतो. घर्षण वाढले की ही पिशवी चिडते व सुजते. तेच बर्सायटिस होय. 1937 साली न्यूयॉर्कचे डॉक्टर एली मॉश्कोविट्झ यांनी या विकाराचे वर्णन केले, तेव्हा तो जुनाट संधिवाताचे सोंग घेतो असेच म्हटले होते. ते सोंग आजही पुष्कळांना फसविते. अलीकडे सोनोग्राफीने पाहिले असता असेही दिसते, की त्याच जागी दुखणाऱ्या अनेक रुग्णांत पिशवीला सूज नसतेच. दुखणे कंडरांचे किंवा आसपासच्या ऊतींचे असते. म्हणून सोनोग्राफीत काही निघाले नाही तर दुखणे खोटे ठरत नाही, आणि उपचारांची दिशाही फारशी बदलत नाही.

हे दुखणे स्थूल मध्यमवयीन स्त्रियांनाच अधिक का व्हावे? स्त्रियांचे कटिर रुंद असल्यामुळे मांडीचे हाड गुडघ्याकडे येताना आत झुकते, आणि आतल्या बाजूच्या कंडरांवर ताण पडतो असे मानतात. वजन वाढले, तळपाय सपाट असले, मांडीच्या मागचे स्नायू आखडले, की हा ताण आणखी वाढतो. मधुमेह असणाऱ्यांत आणि सांध्याची झीज आधीच सुरू झालेल्यांतही हे दुखणे पुष्कळदा आढळते.

आता ओळखण्याची रीत. खुर्चीवर बसावे, पाऊल जमिनीवर टेकवून गुडघा काटकोनात ठेवावा. वाटीच्या आतल्या बाजूस बोट फिरविले की सांध्याची आडवी फट लागते. तेथून तीन ते चार बोटे खाली, नडगीच्या आतल्या सपाट भागावर, अंगठ्याने दाबावे. नंतर दुसऱ्या पायावर तितकेच दाबून पाहावे. एका बाजूस कळ उठली व दुसरीकडे काही नाही, आणि खुद्द फटीवर दाबले असता फारसे दुखत नाही, तर संशय या जागेवर घ्यावा. जिना चढताना व उतरताना, खुर्चीवरून किंवा जमिनीवरून उठताना दुखते. सपाट रस्त्यावर मात्र बहुधा बरे वाटते. रात्री कुशीवर निजल्यावर एक गुडघा दुसऱ्यावर टेकला की जाग येते. ही शेवटची तक्रार आम्हांस फार बोलकी वाटते.

आमच्याकडे आलेल्या एका भगिनीची हकीकत सांगतो. वय 52, उंची 154 सेंटिमीटर, वजन 78 किलो, सहा वर्षांचा मधुमेह, आणि बिऱ्हाड लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. उजवा गुडघा चार महिने दुखत होता. एक्स-रे काढला, त्यात आतल्या बाजूची फट किंचित अरुंद दिसली, आणि एके ठिकाणी त्यांना ‘झीज आहे, पुढेमागे सांधा बदलावा लागेल’ असे सांगण्यात आले. बाईंनी धसका घेतला. फिरणे बंद केले, भाजीही घरपोच मागवू लागल्या. परिणाम असा, की चार महिन्यांत वजन चार किलोंनी वाढले, साखर वर गेली आणि दुखणे होते तेथेच राहिले. पन्नाशीनंतरच्या एक्स-रेमध्ये थोडी झीज दिसणे ही नित्याची गोष्ट आहे. एक्स-रे झीज दाखवितो, पण आज दुखते ते त्या झिजेमुळेच, हे तो सांगत नाही.

आम्ही तपासले तेव्हा सांध्याला सूज नव्हती, गुडघा पूर्ण वाकत होता, फटीवर दाबले असता बाई शांत होत्या. अंगठा चार बोटे खाली सरकला मात्र, आणि त्यांनी पाय ओढून घेतला. उताणे निजवून गुडघा सरळ ठेवून पाय उचलला, तर तो पन्नास अंशांच्या पलीकडे जाईना. मांडीच्या मागचे स्नायू इतके आखडले होते. तळपायही सपाट होते.

उपचार साधेच सांगितले. ओल्या पंचात गुंडाळलेला बर्फ दुखऱ्या जागी दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी दहा ते पंधरा मिनिटे ठेवावा. बर्फ उघड्या त्वचेवर टेकवू नये, आणि मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर विचारल्याशिवाय ठेवूच नये. तेल लावून ती जागा रगडणे बंद करावे, कारण चिडलेल्या कंडरा रगडल्याने अधिक चिडतात. रात्री दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. मांडी घालून बसणे काही आठवडे सोडावे, पूजाही खुर्चीवर बसून करावी. जिन्याच्या खेपा एकत्र करून दिवसातून एकच ठेवावी. कठडा धरून चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी.

व्यायाम दोनच दिले. पहिला असा: उताणे निजून तळपायाला जुन्या लुगड्याची पट्टी अडकवावी, गुडघा सरळ ठेवून पाय हळूहळू वर ओढावा, मांडीच्या मागे ताण जाणवला की तेथे तीस सेकंद थांबावे. प्रत्येक पायाने तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुसरा असा: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गुडघ्याने खाली दाबावी, पाच आकडे मोजावे व सोडावे, असे दहा वेळा. ताण जाणवावा, कळ उठू नये. सपाट तळपायांसाठी आधार असलेल्या चपला घेतल्या, त्या घरातही वापरावयाच्या. दुखणे कमी करणारे मलम वरून लावले. पोटात घ्यावयाच्या वेदनाशामक गोळ्यांबाबत आम्ही हात आखडता ठेवला, कारण मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा जठरव्रणाचा विकार असता त्या मनाने घेत राहणे घातक ठरते.

तीन आठवड्यांत रात्रीची झोपमोड थांबली. जिना मात्र अजून दुखत होता. तेव्हा त्या जागी बधिर करणारे औषध व स्टेरॉइड यांचे इंजेक्शन दिले. बधिरपणा येताच, म्हणजे काही मिनिटांतच, बाई दवाखान्याच्या पायऱ्या न दुखता चढल्या. दुखण्याचे मूळ सांध्यात नसून त्याच जागी होते, याची खातरी अशी पटली. स्टेरॉइडने मधुमेही माणसाची साखर काही दिवस वाढते, हे त्यांना आधीच बजावले होते. ती वाढली, त्या रोज मोजत होत्या, आणि आठवड्याच्या आत पूर्ववत झाली. हे इंजेक्शन वारंवार घेण्याचे नव्हे. त्याने त्वचा पातळ व पांढुरकी होऊ शकते आणि कंडरेला इजा पोहोचू शकते.

पुढे दुखणे नसल्यामुळे त्या सपाट रस्त्यावर अर्धा तास चालू लागल्या. तीन महिन्यांनी वजन पुन्हा 74 किलोंवर आले. चार किलो म्हणजे काय विशेष, असे कोणी म्हणेल. परंतु गुडघ्याची झीज असलेल्या स्थूल व्यक्तींच्या चालण्याचे मोजमाप करून असे आढळले आहे, की शरीराचे एक किलो उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. म्हणजे चार किलोंचे सोळा झाले, आणि तेही दर पावलाला. तेव्हा उपाय सुरू करताना क्रम ध्यानी धरावा: आधी दुखणे शमवावे, मग चालावे, मग वजन उतरते. दुखऱ्या पायाने वजन उतरविण्याचा हुकूम केला, तर कोणालाही तो पाळता येत नाही.

त्या बाईंची सकाळची थोडी आखड अजून आहे. ती झिजेची आहे, आणि तिला हा उपचार पुरा पडत नाही. दोन्ही दुखणी एकाच गुडघ्यात नांदू शकतात. सांधा बदलल्यानंतरही ही खालची जागा दुखलेली आढळते. म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी दुखण्यातील किती भाग सांध्याचा व किती या जागेचा, हे तपासून घ्यावे.

काही चिन्हे मात्र घरच्या उपायांची नव्हेत. जागा लाल व गरम होऊन ताप आला, तर पू धरल्याचा संशय घ्यावा. एकाएकी तीव्र दुखू लागून पाय टेकवेनासा झाला, तर वरचे हाड चिरल्याची शक्यता असते. गुडघा मध्येच अडकू लागला, तर आतली कूर्चा फाटलेली असू शकते. पोटरी सुजून दुखू लागली, तर शिरेत रक्त गोठल्याचा धोका असतो. यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एरवी सहा ते आठ आठवडे वरील उपाय नेमाने करूनही गुण आला नाही, तर दाखवून घ्यावे. आणि दाखविताना ‘गुडघा दुखतो’ एवढेच न सांगता, दुखते त्या जागी एक बोट ठेवून दाखवावे.