टप्प्याटप्प्याने घेतलेले शेअर, थोडेथोडे विकलेले : नफा कसा काढावा?

एकाच कंपनीचे शेअर आपण दोन-तीनदा घेतो आणि त्यांतले काहीच विकतो. मग प्रश्न येतो, विकले ते नेमके कोणते? डीमॅट खात्यात त्याचे उत्तर ठरलेले आहे : जे आधी खात्यात आले, ते आधी गेले असे धरायचे. 'मी नंतरचे महागातले विकले' असे म्हणता येत नाही. दोन डीमॅट खाती असतील, तर हा क्रम प्रत्येक खात्याचा वेगळा लावायचा.

आता काँट्रॅक्ट नोटा तारखेप्रमाणे लावून एक उदाहरण करू. १० जून २०२४ रोजी ४० शेअर ३०० रुपयांनी घेतले. दलाली व इतर खर्च ४० रुपये, म्हणजे एक शेअर ३०१ रुपयांना पडला. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी ६० शेअर ३५० रुपयांनी घेतले. खर्च ६० रुपये, म्हणजे एक शेअर ३५१ रुपयांना पडला. २० ऑगस्ट २०२५ रोजी ७० शेअर ४२० रुपयांनी विकले. खर्च ७० रुपये वजा जाता शेअरमागे ४१९ रुपये उरले.

या ७० पैकी पहिले ४० जूनच्या खरेदीतले. त्यांवर नफा शेअरमागे ११८, एकूण ४,७२० रुपये. ते १२ महिन्यांहून जास्त काळ ठेवले होते, म्हणून हा दीर्घकालीन नफा. उरलेले ३० फेब्रुवारीतले. त्यांवर नफा शेअरमागे ६८, एकूण २,०४० रुपये. हा अल्पकालीन नफा.

ही विभागणी का महत्त्वाची? या विक्रीच्या वेळच्या दरांप्रमाणे शेअर बाजारात विकलेल्या शेअरच्या अल्पकालीन नफ्यावर २० टक्के कर आहे, म्हणजे येथे ४०८ रुपये आणि त्यावर उपकर. दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, पण वर्षभरातला असा एकूण नफा सव्वा लाखापर्यंत असेल, तर काहीच नाही. सगळा ६,७६० रुपयांचा नफा अल्पकालीन धरला, तर कर १,३५२ रुपये होईल.

येथे सरासरी भावही चालत नाही. १०० शेअरांची सरासरी ३३१ रुपये येते आणि त्यावरून नफा ६,१६० दिसतो. तो ६०० रुपयांनी कमी तर आहेच, शिवाय त्यातला दीर्घकालीन किती हेही कळत नाही. म्हणून ॲपवर दिसणारी सरासरी किंमत विवरणपत्रासाठी घेऊ नका.

काँट्रॅक्ट नोटेत दोन गोष्टी पाहा. तारीख सौद्याची धरा, शेअर खात्यात जमा झाल्याची नव्हे. आणि सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स ही ओळ वेगळी काढा. दलाली, त्यावरचा जीएसटी, मुद्रांक शुल्क हे खर्चात धरता येतात, हा कर मात्र धरता येत नाही. वरच्या ४०, ६० आणि ७० रुपयांत तो घेतलेला नाही.

शेवटी वहीत लिहून ठेवा : शिल्लक ३० शेअर, खरेदी ५ फेब्रुवारी २०२५, भाव ३५१. पुढच्या विक्रीचा हिशेब याच ओळीपासून सुरू होईल.