पाचशे पिशव्या आणि पहिला फोन

भातसानगर आणि आजूबाजूच्या गावापाड्यांवर ज्या बायका घरी मशीन चालवतात, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. मार्च 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून कापडी पिशव्यांची विचारणा बचत गटांकडे जास्त होऊ लागली. ठाण्याहून, कल्याणहून फोन येतो, भाव ठरतो आणि समोरचे म्हणतात, "चला ताई, करा सुरू." आम्ही लगेच सुरू करत नाही. कात्री हातात घेण्याआधी अजून एक फोन ठरवून करतो, साधारण अर्ध्या तासाचा. शहरात याला किकऑफ कॉल म्हणतात. आम्ही पहिला फोन म्हणतो, कारण भावाचा फोन आम्ही धरतच नाही.

हा फोन भांडी घासता घासता करायचा नाही. आदल्या दिवशी वेळ मागून घ्यायची. रेंज जिथे नक्की मिळते तिथे बसायचं, फोन स्पीकरवर ठेवायचा. एकीने बोलायचं, दुसरीने वहीत लिहायचं. बोलणारीनेच लिहायला घेतलं की समोरचा काय म्हणाला ते अर्धंच उतरतं.

आता ठाण्याच्या एका वाचनालयाचं काम घेऊ. वार्षिक कार्यक्रमासाठी पाचशे पिशव्या, चौदा इंच रुंद, सोळा इंच उंच, मांजरपाटाच्या, वर वाचनालयाचं नाव. ऐकायला सगळं ठरलेलं वाटतं. पण आमचा पहिला प्रश्न मापाचा नसतो. आम्ही विचारलं, "मॅडम, पिशवीत काय जाणार?" त्या म्हणाल्या, "पुस्तकं. तीन-चार असतील." मग विचारलं, "लोक हातात धरतील की खांद्याला लावतील?" "खांद्यालाच बरं पडेल, नाही का?"

या दोन उत्तरांनी काम बदललं. पुस्तकं म्हणजे वजन, म्हणून कापड जाड हवं आणि बंद जिथे जोडतो तिथे चौकोन शिवून आत फुलीची शिलाई हवी, नाहीतर पहिल्याच दिवशी बंद उसवतो. आणि खांद्याला लावायचं तर कापड जास्त लागतं. हिशेब सांगतो. आपल्याकडे छत्तीस इंच पन्ह्याचं कापड असतं. तळाला घडी घालून एका तुकड्याची पिशवी केली, तर शिलाई आणि तोंडाची दुमड धरून पंधरा इंच रुंद आणि पस्तीस इंच लांब तुकडा लागतो. पन्ह्यात असे दोन बसतात आणि सहा इंचांची पट्टी उरते. त्या पट्टीतून दोन पिशव्यांचे चारही बंद निघतात, पण साडेसतरा इंचांचे, म्हणजे हातात धरण्यापुरते. पाचशे पिशव्यांना असं सुमारे 222 मीटर कापड लागतं. खांद्यासाठी बंद सव्वीस इंचांचा धरला, तर उरलेल्या पट्टीतून चाराऐवजी दोनच निघतात. बाकीच्या पाचशे बंदांना आणखी जवळजवळ 28 मीटर लागतं. हे विचारलं नसतं तर ते 28 मीटर आपल्या नफ्यातून गेले असते. पहिल्या फोनवर कळलं, म्हणून कापड घ्यायच्या आधी दर पुन्हा बोलता आला.

दुसरी गोष्ट तारीख. समोरचा म्हणतो, "वीस तारखेला हव्यात." यावर लगेच हो म्हणू नये. वीसला कार्यक्रम आहे, की वीसला पिशव्या त्यांच्या हातात हव्यात, की वीसला इथून निघायला हव्यात? वाचनालयाचा कार्यक्रम वीसला होता आणि पिशव्या अठराला हातात हव्या होत्या. तिथून आम्ही फोनवरच, त्यांना ऐकू जाईल असं, उलटं मोजत आलो. अठराला पोहोचवायच्या तर सतराला आसनगावला न्यायच्या. सोळा तारीख राखीव, कारण वीज कधी जाईल सांगता येत नाही. पंधराला धागे कापणं, इस्त्री, गठ्ठे. आम्ही सहा जणी, घरचं सांभाळून एकेकीच्या दिवसाला वीस पिशव्या होतात, म्हणजे शिलाईला पाच दिवस, दहा ते चौदा. छपाई शिलाईच्या आधी, सपाट तुकड्यावर होते आणि शाई नीट वाळावी लागते, म्हणून सात ते नऊ. छपाईची जाळी करून आणायला पाच आणि सहा. म्हणजे नमुना आणि मजकूर, दोन्हीला पक्का होकार चार तारखेच्या संध्याकाळपर्यंत हवा.

मॅडम म्हणाल्या, "अहो, मला वाटलं अजून पंधरा दिवस आहेत!" तसंच वाटतं सगळ्यांना. म्हणून तारखा सांगताना हेही सांगायचं, की तुमचा होकार एक दिवस उशिरा आला तर आमचाही एक दिवस पुढे जाईल. हेच काम आवणीच्या दिवसांत आलं असतं, तर सहा जणींच्या दोनच मशीनवर उरल्या असत्या आणि आम्ही ती तारीख घेतलीच नसती.

तिसरी गोष्ट, पसंती-नापसंती कोणी आणि कशी कळवायची. गटांमध्ये सर्वात जास्त रडकथा याच्याच ऐकू येतात. एकजण म्हणतो अक्षर मोठं करा, दुसरा रंग बदलायला सांगतो, तिसऱ्याला जुनंच आवडतं, आणि तिघेही वेगवेगळ्या बाईला फोन करतात. म्हणून आम्ही सरळ विचारतो, "शेवटचा शब्द कोणाचा?" त्यांच्याकडून एक नाव, आपल्याकडून एक नाव, आणि बदल लिहूनच. "जरा बरं करा" असं आलं तर परत विचारायचं: कुठे, किती इंच?

नमुना फोटोवर पास करून घ्यायचा नाही. बल्बखाली काढलेल्या फोटोत पांढरं कापड पिवळं दिसतं, आणि बंद ओढून बघता येत नाही. एकसारखे दोन नमुने शिवायचे, एक त्यांच्याकडे, दुसरा त्यांच्या सहीने आपल्याकडे. पुढे वाद झाला तर दोन्ही शेजारी ठेवायचे. बदलांची मर्यादाही आधीच बोलायची: नमुन्यात दोनदा बदल आमच्याकडून, जाळी झाल्यावर मजकूर बदलला तर नव्या जाळीचा खर्च त्यांचा आणि तारीख नवी.

माल पोहोचल्यावरचंही याच फोनवर ठरतं. तीन दिवसांत मोजून, तपासून, खराब पिशव्यांचा आकडा फोटोसह कळवायचा. गटाची उद्यम नोंदणी असेल तर 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा पाठीशी आहे. माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी तक्रार आली नाही, तर माल मिळाला त्याच दिवशी स्वीकारला असं धरलं जातं, आणि करारात काहीही मुदत असली तरी पैसे त्या दिवसापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावे लागतात. हे मॅडमना धमकीसारखं ऐकवायचं नाही. आम्ही फक्त विचारलं, "पैसे किती दिवसांत सोडता?" निम्मे कापडासाठी आगाऊ, उरलेले माल मिळाल्यावर पंधरा दिवसांत, असं ठरलं.

फोन ठेवला की तासाभरात सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवायचं. आम्ही पाठवलं ते असं: "नमस्कार मॅडम. आज ठरलं ते लिहिते. पिशव्या 500, माप 14 बाय 16, बंद 26 इंच, फुलीची शिलाई. नमुना 2 तारखेला तुमच्याकडे येईल. नमुना आणि मजकूर, दोन्हीला होकार 4 तारखेच्या संध्याकाळपर्यंत, फक्त तुमच्याकडून, लिहून. माल 18 ला तुमच्या हातात. यात काही चुकलं असेल तर उद्यापर्यंत सांगा, बरोबर असेल तर 'मान्य' लिहा."

अंगठ्याचं चित्र आलं तर आम्ही ते होकार धरत नाही. कोणी ते 'वाचलं' म्हणून टाकतं, कोणी 'मान्य' म्हणून. त्यांनीही आधी अंगठाच पाठवला होता. आम्ही परत विचारलं, तेव्हा उत्तर आलं: "मान्य. फक्त वाचनालयाच्या नावाखाली स्थापनेचं साल घालायचं राहिलं." तेव्हा जाळी झालेली नव्हती, त्यामुळे ती ओळ फुकटात बसली.