गॅदरिंगचा माईक आपल्या हाती

मागच्या वर्षी आमच्या गावच्या शाळेच्या गॅदरिंगला शेवटचे तीन नाच झालेच नाहीत. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, तो झाला. पहिलीची पोरं मोराची पिसं बांधून आयांच्या मांडीवर झोपून गेली होती. यंदा सरांनी आमच्या बचतगटाला विचारलं, निवेदन कराल का? आम्ही तिघींनी होकार दिला आणि आधी हिशोब मांडला.

पाहुण्यांचे सत्कार, अहवाल, बक्षिसं आटपून आठ वाजतात. पुढे अठरा नाच, एकेक चार मिनिटांचा, म्हणजे बहात्तर मिनिटं. दोन नाचांच्या मधे पोरं उतरायची, दुसरी चढायची, पेनड्राईव्हमधलं गाणं सापडायचं, यात चार मिनिटं जात होती. असे मोकळे वेळ सतरा, म्हणजे अडुसष्ट मिनिटं! जवळजवळ नाचाएवढाच वेळ रिकामा. तोच दोन मिनिटांवर आणला तर पावणेदहाला कार्यक्रम संपतो.

मग आम्ही कामं वाटून घेतली. एक माईकवर. एक पडद्यामागे, तिच्याजवळ यादी. पुढचे दोन नाच कायम तयार उभे. तिसरी साऊंडवाल्याशेजारी. गाण्यांना आम्ही यादीप्रमाणे 01, 02 असे नंबर देऊन घेतले, म्हणजे शोधाशोध नको. पडद्यामागची दोन बोटं दाखवेल तर अजून वेळ आहे, मूठ दाखवेल तर सुरू करा. आणि पहिलीची पोरं यंदा यादीत सगळ्यात वर.

ओळख तीनच वाक्यांची ठेवली. कोण, काय आणि एक खरी गोष्ट. ऐका: “आता येतायत तिसरीच्या आठ मुली. सादर करतायत कोळीनृत्य. यांच्यातल्या एकीनंही अजून समुद्र पाहिलेला नाही, पण होडी कशी वल्हवतात ते बघा!” संपलं. “ज्यांची आपण आतुरतेने वाट पाहत होतो” हे सतरा वेळा म्हटलं की लोक उठून चहाला जातात. ती खरी गोष्ट तालमीच्या वेळी मुलांनाच विचारायची. मात्र कुणाच्या जाडीवर, रंगावर, घरच्या परिस्थितीवर बोलायचं नाही. लोक हसतात आणि पोर पुढच्या वर्षी नाव देत नाही. नावंही आदल्या दिवशी मुलांकडून वदवून घ्या. हजेरीतलं नाव आणि घरचा उच्चार वेगळा निघतो.

आता रिकाम्या वेळेचं. आमचा एकच नियम, मूठ दिसली की त्या क्षणी तोडता येईल असंच बोलायचं. म्हणून लांब गोष्ट नाही, कविता नाही. आम्ही चिठ्ठ्यांवर लिहून नेलं होतं. पहिली चिठ्ठी टाळ्यांची: “वरच्या आळीचा आवाज ऐकू द्या! एवढाच? खालची आळी, दाखवा यांना!” हे अर्ध्या मिनिटातही संपतं आणि तीन मिनिटंही चालतं. दुसरी कोड्याची: “पाय नाही तरी वर्गभर फिरतो, झिजून झिजून अक्षर पेरतो, सांगा कोण?” खडू, हे उत्तर पोरं ओरडूनच सांगतात.

तिसरी उखाण्याची, हिला तोड नाही. माईक घेऊन बायकांत जायचं. पहिली लाजते, म्हणून सुरुवात आपणच करायची. आमच्यातलीनं घेतला, “फळ्यावर खडूने लिहिली बाराखडी छान, अमुकरावांचं नाव घेते, राखते शाळेचा मान.” मग हात वर व्हायला लागले. एका आजींनी तर माईक सोडेचना! मूठ दिसली होती. आम्ही म्हटलं, “आजींचा दुसरा उखाणा लेझीमनंतर,” आणि तो खरंच घेतला, नाहीतर आजींनी रात्रभर धरलं असतं.

वीज जाते त्याची वेगळी तयारी. माईक मुका झाला की ओरडून उपयोग नाही, मागच्यांना काही कळत नाही. आम्ही हलगीवाले काका पुढच्या रांगेत बसवले होते. यंदा पाचवीचा नाच अर्ध्यावर आला आणि अंधार! काकांनी हलगीवर ठेका धरला, आयांनी मोबाईलच्या बॅटऱ्या लावल्या, पोरं नाचत राहिली. नुसतं गाणं अडकलं आणि माईक चालू असेल तर “तांत्रिक अडचण” म्हणू नका, मूल घाबरून आपल्याकडे बघतं. म्हणा, “गाणं दमलं, पोरं नाही दमली! टाळ्यांचा ठेका द्या!” आणि नाच नंतर पहिल्यापासून घ्यायचा का, ते त्या पोरांनाच विचारा.

शेवटचा नाच नऊ पन्नासला संपला. मोर कधीच नाचून झाले होते आणि आयांच्या मांडीवर झोपले होते, पिसांसकट.