दावा दाखल झाल्यावर नवी गोष्ट कळली तर

वडिलांच्या जमिनीत वाटा मागणाऱ्या बहिणी आपल्या गटांमध्ये आता बऱ्याच आहेत. दावा दाखल कसा करायचा हे त्यांना वकील सांगतात. पण दाव्यात न लिहिलेली गोष्ट नंतर कळली तर काय करायचे, हे आम्हाला वारंवार विचारले जाते. म्हणून आज एका ताईंच्या कागदांवरूनच बोलू.

ताईंनी जून 2022 मध्ये भावाविरुद्ध वाटपाचा दावा लावला. दोन गट नंबर होते. त्यासाठी त्यांनी 2 मे रोजी सातबारा काढला होता, आणि त्यावर दोन्ही गटांना भावाचेच नाव होते. भावाने आपल्या कैफियतीत एवढेच म्हटले की बहिणीचा हक्क नाही. पुढे जानेवारी 2023 मध्ये वकिलांनी ताजा उतारा मागितला, तेव्हा एका गटावर तिसऱ्याच माणसाचे नाव दिसले. फेरफाराचा नंबर धरून ताईंनी दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची दोनची नक्कल काढली. भावाने 28 एप्रिललाच, म्हणजे दाव्याच्या आधी, तो गट विकला होता. फेरफार मंजूर झाला जुलैमध्ये.

आता दावा तसाच चालवला असता, तर हुकूम भावाविरुद्ध झाला असता आणि जमीन खरेदीदाराकडेच राहिली असती. तो दाव्यात नसेल तर त्याच्यावर तो हुकूम बंधनकारक कसा व्हायचा? म्हणून त्याला प्रतिवादी करणे आणि ‘हे खरेदीखत माझ्या हिश्श्यापुरते मला बंधनकारक नाही’ अशी मागणी घालणे भाग होते. यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 6 नियम 17 आहे. त्याखाली दावा दुरुस्तीचा अर्ज देतात. पक्षकार वाढवायचा असेल तर आदेश 1 नियम 10 ही लिहितात.

खरी मेख आहे वेळेची. पुराव्याचे काम सुरू होण्याआधी अर्ज आला, तर वादाचा निकाल नीट लागावा म्हणून दुरुस्ती गरजेची आहे का, हे न्यायालय मुख्यतः पाहते. काम सुरू झाल्यावर मात्र, योग्य ती काळजी घेऊनही ही गोष्ट आधी मांडता आली नाही, हे अर्जदाराला पटवून द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितले की सरतपासाचे शपथपत्र दाखल झाले की काम सुरू झाले असे धरायचे. ताईंचे ते शपथपत्र पुढच्या तारखेला द्यायचे होते. वकिलांनी ते थांबवून आधी दुरुस्तीचा अर्ज दिला.

अर्जात ‘नजरचुकीने राहून गेले’ असे लिहायची अनेकांना सवय असते. आम्हाला ते मुळीच पटत नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. ताईंनी तारखा लिहिल्या: “दाव्यापूर्वी 2 मे 2022 रोजी काढलेल्या उताऱ्यावर खरेदीदाराचे नाव नव्हते. फेरफार दाव्यानंतर मंजूर झाला. प्रतिवादीने कैफियतीत विक्रीचा उल्लेख केला नाही. जानेवारी 2023 मध्ये नवा उतारा पाहिल्यावर ही बाब प्रथम समजली.” सोबत दोन्ही उतारे, फेरफार, सूची दोन आणि शपथपत्र जोडले. दाव्यातल्या कोणत्या परिच्छेदानंतर कोणता मजकूर घालायचा, मागणीत कोणते वाक्य वाढवायचे, हे शब्दशः दिले.

भावाच्या वकिलांनी हरकत घेतली की नोंदणी झालेला दस्त आधीच शोधता आला असता. आमच्या ताईंचे उत्तर जुन्या उताऱ्यात होते. विक्रीनंतर चौथ्या दिवशी काढलेल्या उताऱ्यावरसुद्धा भावाचेच नाव होते, मग संशय यावा कशाने? दुसरी हरकत होती दाव्याचे स्वरूप बदलते अशी. पण मागणी वाटपाचीच होती, जमीनही तीच होती. ताईंनी मूळ दाव्यात ‘मला माझा हिस्सा रोख मिळाला’ असे कबूल केले असते आणि आता ते खोडायचे असते, तर गोष्ट वेगळी. भावाला फायद्याची कबुली अशी सहज काढून घेता येत नाही.

न्यायालयाने एक हजार रुपये खर्च भरण्याच्या अटीवर अर्ज मंजूर केला. म्हणजे विक्री चुकीची ठरली असे नव्हे. ते अजून पुराव्यानेच ठरायचे आहे, आणि खरेदीदारही आपली कैफियत देणार. शिवाय त्याच्यापुरता दावा साधारणपणे त्याला सामील केल्या दिवसापासून धरतात, म्हणून मुदतीचा विचार करता कळल्यावर वेळ काढणे महागात पडते.

मंजुरीनंतर एक काम उरते आणि तेच पुष्कळदा राहते. न्यायालयाने दिलेल्या मुदतीत, मुदत दिली नसेल तर 14 दिवसांत, मूळ दाव्यात प्रत्यक्ष दुरुस्ती करून घ्यावी लागते. मुदत उलटली, तर ती वाढवून मिळाल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही. ताई नवव्या दिवशी वकिलांबरोबर कोर्टात गेल्या, दुरुस्ती झाली, सुधारित दाव्याची प्रत भावाला दिली आणि खरेदीदाराच्या समन्सचा खर्च भरला.